जुन्या डब्याचा भाव

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले. उपकर धरून प्रत्यक्ष बोजा साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. मराठवाड्यात आणि विदर्भात तेव्हा सोयाबीन काढणीला येत होते. क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता, पण बाजारात सोयाबीन त्याच्या खालीच विकले जात होते. शुल्कवाढ शेतकऱ्यासाठी होती, पण तिचा दणका आधी बसला तो तेलाच्या डब्याला. दसरा-दिवाळी तोंडावर, तळणीचे दिवस, आणि डब्याचा भाव रोज वर.

तीनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, केंद्राच्या अन्न खात्याच्या सचिवांनी तेल उद्योगाच्या संघटनांची बैठक घेतली आणि सांगितले की जुन्या, कमी शुल्काने आलेला माल संपेपर्यंत छापील किमती वाढवू नका. असा सुमारे ३० लाख टन साठा देशात असल्याचे सरकारनेच सांगितले. तो देशाला ४५ ते ५० दिवस पुरला असता.

सरकारची ही विनंती हिशेबाच्या वहीतल्या एका जुन्या पद्धतीवर उभी होती. आधी आलेला माल आधी विकला गेला असे धरा, आणि त्याची किंमत त्याच्या जुन्या बिलाची धरा. हिशेबनीस तिला फिफो म्हणतात. गिऱ्हाईकही नकळत हेच म्हणत असते, ‘तुमचा माल तर जुना आहे, मग भाव नवा कसा?’ व्यापाऱ्याचे उत्तर ठरलेले असते, ‘हा डबा विकून उद्या मला नवीन डबा कितीला मिळणार, ते बघा.’ दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. गिऱ्हाईक झालेल्या खर्चाविषयी बोलते, व्यापारी होणाऱ्या खर्चाविषयी. वही मात्र फक्त झालेल्या खर्चाचीच असते. आणि झालेला खर्च कोणत्या डब्यावर टाकायचा, याची एकाहून अधिक रास्त उत्तरे निघतात. खरी गंमत तिथेच सुरू होते.

एखाद्या तालुक्याच्या गावातला घाऊक तेलव्यापारी घेऊ. त्याच्याकडचा एकच माल पाहू, सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा. पुढचे दर हिशेब सोपा व्हावा म्हणून मी गोल केले आहेत, पण चढाची दिशा त्या सप्टेंबरचीच आहे. महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या गोडाऊनमध्ये १,६०० रुपयांनी घेतलेले २०० डबे होते. भाव हलला नव्हता तोवर त्याने त्यातले १५० डबे १,६७० रुपयांनी विकले. मग शुल्क वाढले आणि त्याने १,८०० रुपयांनी २०० डबे घेतले. पुढच्या काही दिवसांत १,८८० च्या दराने २०० डबे गेले. महिना संपता संपता त्याने आणखी २०० डबे भरले, तेव्हा दर २,००० झाला होता. उरलेल्या दिवसांत १०० डबे २,०६० नी विकले. महिनाअखेरीला गोडाऊनमध्ये १५० डबे शिल्लक.

एवढ्या माहितीत वादाला जागा नसलेल्या दोन गोष्टी आहेत. विक्री एकूण ८,३२,५०० रुपयांची झाली. आणि विकायला उपलब्ध असलेल्या ६०० डब्यांवर व्यापाऱ्याने १०,८०,००० रुपये घातले. आता हे १०,८०,००० रुपये दोन भागांत वाटायचे आहेत. एक भाग विकलेल्या ४५० डब्यांचा, त्यालाच विकलेल्या मालाचा खर्च म्हणतात, आणि दुसरा भाग शिल्लक १५० डब्यांचा. बेरीज ठरलेली आहे. त्यामुळे शिल्लक मालाची किंमत जितकी जास्त धरावी, तितका विकलेल्या मालाचा खर्च कमी दिसतो आणि तितकाच ढोबळ नफा फुगतो. शिल्लक मालाच्या किमतीवरून सीए आणि आयकर अधिकारी इतके डोके का लावतात, त्याचे कारण हे आहे. शिल्लक माल नुसता शेवटचा आकडा राहत नाही, नफा त्यातूनच निघतो.

फिफोने वाटणी करू. पहिले २०० डबे १,६०० चे गेले, मग १,८०० चे २०० गेले, मग २,००० च्या खेपेतले ५० गेले. खर्च झाला ७,८०,००० रुपये. शिल्लक राहिलेले सगळे १५० डबे शेवटच्या खेपेतले, म्हणजे ३,००,००० रुपयांचे. ढोबळ नफा ५२,५०० रुपये.

आता भारित सरासरी. ६०० डब्यांना १०,८०,००० रुपये, म्हणजे डब्याला १,८००. ‘भारित’ एवढ्यासाठी की सरासरी दरांची नसून मालासकट दरांची असते. इथे तिन्ही खेपा २००-२०० डब्यांच्या असल्याने साधी सरासरीही १,८००च येते. शेवटची खेप २० डब्यांची असती तर भारित सरासरी बरीच खाली आली असती. १,८०० च्या दराने विकलेल्या ४५० डब्यांचा खर्च ८,१०,००० रुपये आणि शिल्लक २,७०,००० रुपयांची. ढोबळ नफा २२,५०० रुपये.

तोच व्यापारी, तेच डबे, तीच बिले, गल्ल्यात आलेला पैसाही तोच. एका पद्धतीने नफा ५२,५००, दुसरीने २२,५००. विक्रीच्या टक्क्यात सांगायचे तर एकीकडे ६.३ टक्के, दुसरीकडे २.७ टक्के.

पाठ्यपुस्तके बहुधा इथे थांबतात आणि वाक्य लिहितात की भाव चढत असताना फिफोने नफा जास्त दिसतो, सरासरीने कमी. वाक्य चूक नाही. पण ते वाचून माणूस सरासरी म्हणजे एकच गोष्ट असे समजून चालतो, आणि दुकानात नेमकी तिथेच गफलत होते.

वर काढलेली सरासरी संपूर्ण महिन्याची आहे. महिना संपल्यावर सगळी खरेदी एकत्र करून ती काढली. तिच्यात एक विचित्र गोष्ट दडलेली आहे. महिन्याच्या सुरुवातीला जे १५० डबे विकले गेले, तेव्हा गोडाऊनमध्ये १,६०० च्या डब्यांशिवाय दुसरे काहीच नव्हते. तरी या सरासरीने त्यांचा खर्च १,८०० धरला. म्हणजे १,६७० ला विकलेल्या प्रत्येक डब्यावर १३० रुपये तोटा! जो माल अजून घेतलाच नव्हता, त्याचा भाव आधी विकलेल्या डब्यांवर चढला. पद्धत नियमात बसते, पण भाव असा उसळत असताना ती बिनबुडाचे चित्र रंगवते.

दुसरी सरासरी चालती असते. प्रत्येक खरेदीनंतर ती नव्याने काढतात आणि पुढची खरेदी होईपर्यंतच वापरतात. आपल्या व्यापाऱ्याच्या बाबतीत पहिले १५० डबे १,६०० नेच जातात, खर्च २,४०,०००. मागे ५० डबे उरतात, ८०,००० रुपयांचे. त्यात १,८०० चे २०० डबे येऊन पडले की २५० डबे ४,४०,००० रुपयांचे होतात, सरासरी १,७६०. पुढचे २०० डबे या दराने जातात, खर्च ३,५२,०००. पुन्हा ५० उरले, ८८,००० रुपयांचे. त्यात २,००० चे २०० मिळाले, ४,८८,००० रुपये, सरासरी १,९५२. शेवटचे १०० डबे या दराने, १,९५,२०० रुपये. एकूण खर्च ७,८७,२०० आणि शिल्लक १५० डबे २,९२,८०० रुपयांचे. ढोबळ नफा ४५,३०० रुपये.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. फिफो ५२,५००, चालती सरासरी ४५,३००, महिन्याची एकच सरासरी २२,५००. फिफो आणि चालती सरासरी यांच्यात फरक ७,२०० रुपयांचा. दोन सरासऱ्यांच्या आपसात मात्र २२,८०० रुपयांचा! म्हणून ‘आमच्याकडे ॲव्हरेज कॉस्ट आहे’ एवढे उत्तर पुरे नसते. कोणत्या काळाची ॲव्हरेज, हे विचारावे लागते. महिन्याऐवजी संपूर्ण वर्षाची एकच सरासरी काढली तर एप्रिलमधला स्वस्त डबा मार्चमधल्या शिल्लक मालाच्या किमतीला खाली ओढत राहतो. ज्या मालाचा भाव वर्षभर जागचा हलत नाही, त्याला याने काही बिघडत नाही. तेल, तांब्याची तार, सळई, डाळी अशा मालाला बिघडते.

फिफोत ही भानगड नाही. रोज हिशेब करा किंवा महिनाअखेरीला करा, उत्तर एकच येते, कारण शिल्लक माल नेहमी शेवटच्या बिलांचाच धरायचा असतो.

मग या तिघांतला खरा नफा कोणता? याचे उत्तर पुढच्या महिन्यात मिळते. समजा ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्याने काहीच खरेदी केली नाही आणि उरलेले १५० डबे २,०६० नी विकून टाकले. विक्री ३,०९,००० रुपये. फिफोच्या वहीत त्या डब्यांची किंमत ३,००,००० होती, म्हणून नफा ९,०००. चालत्या सरासरीत १६,२००. महिन्याच्या सरासरीत ३९,०००. आता दोन्ही महिन्यांची बेरीज करा: ५२,५०० आणि ९,०००, ४५,३०० आणि १६,२००, २२,५०० आणि ३९,०००. तिन्ही वेळा ६१,५००.

पद्धत नफा निर्माण करत नाही आणि बुडवतही नाही. तो कोणत्या महिन्यात किंवा कोणत्या वर्षात दाखवायचा, एवढेच ठरवते. या वर्षीचा अखेरचा माल म्हणजेच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा माल, त्यामुळे इथे फुगलेला नफा तिथे तेवढाच आकसतो. अट एकच, तो माल विकला गेला पाहिजे. गोडाऊनमध्ये कायम तेवढेच डबे भरून ठेवले आणि भाव चढतच राहिला, तर फरकही मागल्या दाराने पुढे सरकत राहतो. उलट ज्या किराणा दुकानात आठवड्याला माल फिरतो, तिथे महिनाअखेरीची शिल्लक विक्रीच्या मानाने इतकी कमी असते की पद्धतीने पडणारा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. फरक मोठा व्हायला दोन गोष्टी एकदम लागतात: हलता भाव आणि मोठी शिल्लक.

आयकराच्या दृष्टीने सप्टेंबरच्या या उलथापालथीला फारसा अर्थ नाही, तिथे ३१ मार्चची शिल्लक महत्त्वाची. पण बँकेला महिन्याचा आकडा लागतो. कॅश क्रेडिट घेतलेला व्यापारी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यावरून त्याला किती उचल करता येईल ते ठरते. बँकेने २५ टक्के मार्जिन कापले असे धरले तर आपल्या व्यापाऱ्याला याच १५० डब्यांवर फिफोने २,२५,००० आणि महिन्याच्या सरासरीने २,०२,५०० रुपयांची उचल मिळते. मालाचे पैसे देणे बाकी असेल तर तेवढी रक्कम आधी वजा होते, तो भाग वेगळा. काही जण बँकेला एका पद्धतीने आणि आयकराला दुसऱ्या पद्धतीने आकडा देतात. हा शहाणपणा अंगाशी येतो, कारण ३१ मार्चचे स्टॉक स्टेटमेंट आणि ताळेबंद शेजारी ठेवून पाहणे ही बँकेच्या आणि कर अधिकाऱ्याच्या तपासणीतली अगदी पहिली पायरी असते.

फिफोच्या ५२,५०० रुपयांविषयी एक गोष्ट व्यापाऱ्याने स्वतःला सांगून ठेवावी. या नफ्यातला मोठा भाग विक्रीकौशल्याचा नसून जुना स्वस्त माल हाताशी होता म्हणून मिळालेला आहे. महिनाअखेरीला गोडाऊन पुन्हा २०० डब्यांवर न्यायचे तर ५० डबे २,००० नी घ्यावे लागतील. महिन्याच्या सुरुवातीला २०० डब्यांत त्याचे ३,२०,००० रुपये अडकले होते, आता ४,००,००० अडकणार. गोडाऊन तेवढेच, पैसा ८०,००० जास्त. नफा ५२,५०० दिसला म्हणून त्याने तो घरी नेला, तर पुढची खेप उधारीवर किंवा बँकेच्या पैशावर भरावी लागेल. तेजीत नफा दिसतो पण गल्ल्यात पैसा दिसत नाही, अशी तक्रार व्यापारी करतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. सरासरीने नफा कमी दिसतो, म्हणून ही फसगत थोडी कमी होते. अमेरिकेत आणखी पुढे जाऊन शेवटी आलेला माल आधी गेला असे धरण्याची, म्हणजे लिफोची, मुभा आहे. त्यात तेजीतला नफा आणि कर दोन्ही आकसतात. आपल्याकडे लेखामानक २ आणि आयकराचे मोजणीचे नियम दोन्ही फिफो किंवा भारित सरासरीच मान्य करतात, लिफो नाही. आंतरराष्ट्रीय मानकानेही २००५ पासून लिफो बंद केले.

इथे एक शंका हमखास येते. हमाल तर नवे डबे पुढे रचतात आणि विकायला पुढचेच डबे उचलतात. मग गोडाऊनमध्ये लिफो आणि वहीत फिफो, हे खोटे नाही का? नाही. एकमेकांच्या जागी चालणाऱ्या मालासाठी पद्धत म्हणजे खर्चाच्या वाटणीचा ठराव असतो. कोणता डबा हलला याची ती जंत्री नसते. जिथे प्रत्येक वस्तू वेगळी ओळखता येते, जसे नंबर असलेले यंत्र किंवा वेगवेगळ्या घडणीचे दागिने, तिथे ठराव चालत नाही. त्या त्या वस्तूचीच किंमत धरावी लागते. आणि सुट्या तेलाच्या टाकीत उलट असते. तिथे जुने तेल आणि नवे तेल खरोखरच एकमेकांत मिसळते, म्हणून चालती सरासरी तिथे सर्वांत प्रामाणिक वाटते. डबाबंद मालाला, ज्यावर बॅच आणि तारीख असते, मी फिफोच सुचवेन. मुदत असलेला माल नीट चालवणारा व्यापारी जुना डबा आधी काढतोच. वही आणि गोडाऊन एका रांगेत राहतात.

आतापर्यंत भाव चढत होता. उतरतो तेव्हा काय? ही स्थितीही काल्पनिक नाही. मे २०२५ च्या अखेरीस केंद्राने कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले आणि प्रत्यक्ष बोजा साडेसत्तावीसवरून साडेसोळा टक्के झाला. आपल्याच उदाहरणातले दर उलटे करून पाहू: सुरुवातीचा माल २,००० चा, मग १,८००, मग १,६००. डबे तितकेच, विकलेले ४५०, शिल्लक १५०. फिफोने आता महाग डबे आधी खर्ची पडतात. खर्च ८,४०,००० आणि शिल्लक २,४०,०००. महिन्याच्या सरासरीने खर्च ८,१०,००० आणि शिल्लक २,७०,०००. पारडे फिरले. मंदीत सरासरी नफा जास्त दाखवते.

पण मंदीत एक दुसरा नियम आडवा येतो, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. शिल्लक माल खर्चाच्या किमतीला किंवा त्याच्या विक्रीतून हातात पडणाऱ्या निव्वळ किमतीला, यांतली जी कमी असेल तिलाच दाखवायचा. समजा डबा आता १,६६० ला विकला जातो आणि पोहोचवायला २० रुपये लागतात, म्हणजे हातात १,६४० पडणार. सरासरीच्या वहीत डबा १,८०० चा आहे. तो तसा ठेवता येणार नाही. १५० डब्यांवर डब्यामागे १६० रुपये, म्हणजे २४,००० रुपये त्याच वर्षी खर्ची टाकावे लागतील आणि शिल्लक २,४६,००० वर येईल. फिफोचा डबा १,६०० चाच असल्यामुळे त्याला हात लावावा लागत नाही. ३०,००० चा फरक आता ६,००० वर आला. म्हणजे तेजीत पद्धतीच्या निवडीला मोकळे रान असते. मंदीत हा नियम तिला लगाम घालतो. ही तुलना मालाच्या प्रकारागणिक करायची असते. सोयाबीन तेलातला तोटा शेंगदाणा तेलातल्या नफ्याने झाकता येत नाही.

मग दर वर्षी सोयीची पद्धत घेतली तर? तसे करता येत नाही. एकदा घेतलेली पद्धत वाजवी कारणाशिवाय बदलायची नसते, आणि बदललीच तर तिच्यामुळे नफ्यात किती फरक पडला तो आकडा उघड सांगावा लागतो. करलेखापरीक्षणाच्या अहवालातही अखेरचा माल कोणत्या पद्धतीने मोजला, हे लिहिण्याची वेगळी जागा ठेवलेली आहे. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर अधिकाऱ्याला कॉस्ट अकाउंटंटकडून मालाचे मूल्यांकन करून घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे.

एवढे असूनही, प्रत्यक्षात आकडे बिघडतात ते पद्धतीच्या निवडीमुळे कमी आणि पद्धतीला चुकीचा माल पुरवल्यामुळे जास्त. तीन ठिकाणी मुख्यतः गळती असते.

पहिली खरेदीच्या दरातच. डब्याचा खर्च म्हणजे नुसता बिलाचा दर नाही. गोडाऊनपर्यंतचे भाडे आणि उतरवण्याची हमाली त्यात धरायची. ज्याचा परतावा मिळतो तो जीएसटी धरायचा नाही. ट्रकभाडे वर्षभर वेगळ्या खात्यात टाकून मोकळे झाले की शिल्लक मालावरचे भाडेही याच वर्षी खर्ची पडते. स्कीमचे मोफत डबे तर हमखास विसरले जातात. १०० डब्यांचे २,०४० नी बिल आले आणि वर २ डबे मोफत मिळाले, तर २,०४,००० रुपये १०२ डब्यांत वाटायचे. डबा २,००० चा झाला. मोफत डबे शून्य किमतीने वेगळे नोंदवले, की फिफो त्या दोन डब्यांवर अख्ख्या विक्रीइतका नफा दाखवते आणि बाकीच्या शंभरांवर कमी.

दुसरी गळती नोंदीच्या क्रमात. माल आला, विकायलाही लागला, पण कंपनीचे बिल चार दिवसांनी टाकले. संगणकाला वाटते की नसलेला माल विकला गेला. शिल्लक उणे होते आणि चालती सरासरी त्या क्षणी निरर्थक दर धरून बसते. टॅलीत मालाच्या खात्यात `Costing method` असे एक घर असते आणि त्यात आपसूक `Avg. Cost` भरलेले असते. कित्येक दुकानांत ते कुणी निवडलेलेच नसते, तसेच राहून गेलेले असते. आणि अहवालात मात्र ‘फिफो’ छापलेले असते.

तिसरी मोजणीत. वहीत १५० डबे आणि गोडाऊनमध्ये १४० असतील, तर २,००० च्या दराने २०,००० रुपये तिथेच गेले. पद्धतीच्या निवडीवर वाद घालून वाचवायच्या ३०,००० च्या हे बरेच जवळ आहे.

आकडा बरोबर आहे का, हे पाहायला सीए असावे लागत नाही. फिफो असेल तर शेवटच्या खरेदीबिलापासून मागे मागे चालत यायचे आणि शिल्लक डबे पुरे होईपर्यंत बिले जमवायची. १५० डबे शिल्लक असतील तर शेवटचे २०० चे बिल एकटेच पुरते. ३५० असते तर शेवटच्या बिलातले २०० दोन हजारांनी आणि आधीच्या बिलातले १५० अठराशेंनी, म्हणजे ६,७०,००० रुपये. संगणकाचा आकडा याच्याशी जुळला नाही तर वरच्या तीनपैकी काहीतरी घडले आहे. चालत्या सरासरीत असा झटपट ताळा बसत नाही, पण शिल्लक दर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग खरेदीच्या मध्ये पडलाच पाहिजे. त्याबाहेर पडला की नोंदीचा क्रम तपासावा. आणखी एक खूण म्हणजे ढोबळ नफ्याचा टक्का. अडीच-तीन टक्क्यांवर चालणाऱ्या धंद्यात एका महिन्यात सहा टक्के दिसले, तर त्या महिन्यात भाव चढला होता का ते आधी पाहावे. चढला नसेल तर चूक आहे. चढला असेल तर तो टक्का पुढच्या महिन्यात टिकणार नाही, हे धरून चालावे.

माझे मत विचाराल तर भाव हलणाऱ्या डबाबंद मालाला फिफो, टाकीतल्या सुट्या मालाला चालती सरासरी. महिन्याची किंवा वर्षाची एकच सरासरी तेलाच्या धंद्यात मी ठेवणार नाही. पण त्याआधी आपल्या संगणकात आज कोणती पद्धत चालू आहे आणि अहवालात कोणती लिहिली आहे, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहा. ते ३१ मार्चच्या आधी पाहिलेत तर दुरुस्तीला वेळ मिळेल.